पहिली छत्री उन्हाची की पावसाची?

नवतपा सुरू आहे. रात्री साडेदहालाही गच्चीची फरशी निवत नाही, म्हणून आम्ही कूलरसमोर गाद्या टाकल्या होत्या. भाचीनं पडल्या पडल्या विचारलं, "मामा, पहिली छत्री कोणी बनवली?" दुपारी सीताबर्डीत माझ्या काळ्या छत्रीखालून चालली होती, तेव्हापासून ते तिच्या डोक्यात असणार.

नाव सांगता येत नाही. चित्रं मात्र दाखवता येतात. आजच्या इराकमधल्या निमरूदला अ‍ॅसिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल (इ.स.पू. ८८३ ते ८५९) याच्या महालात कोरीव शिळा मिळाल्या. त्यांत सेवकानं राजावर छत्री धरली आहे. नंतरच्या राजांच्या काही छत्र्यांना तर एका बाजूनं लांब कापड लोंबतं, तिरपं ऊन अडवायला.

"तिरपा पाऊसही असतो," भाची म्हणाली.

मुद्दा बिनतोड होता. मग मी शब्दाकडे वळलो. संस्कृतात छत्रीला 'आतपत्र' म्हणतात. आतप म्हणजे ऊन, त्यापासून राखणारं ते आतपत्र. लॅटिनमधला 'उम्ब्रा' म्हणजे सावली. इंग्रजी 'अम्ब्रेला' त्यातूनच आला. दोन्हीकडे नावात पाऊस नाहीच.

"काहून? तेव्हा पाऊस पडत नव्हता?"

पडत होता, पण साध्या कापडाला तो झेपत नव्हता. सावलीला कुठलंही कापड चालतं. पाणी मात्र सुती धाग्यांना चिकटतं, धाग्यांमधल्या फटींत ओढलं जातं आणि खाली टपकतं. त्याच कापडावर मेणबत्ती घासली, की फटी राहूनही पाणी थांबतं. मेणाला पाणी चिकटत नाही, त्यामुळे प्रत्येक फटीवर त्याचा फुगीर थेंब होतो आणि पृष्ठताणामुळे तो आत घुसत नाही. साबणाच्या पाण्यात हा ताण कमी असतो, म्हणून ते पाझरू शकतं. पावडरीनं धुतलेली छत्री नीट विसळली नाही, तर ती गळू लागते, ती यामुळेच.

पावसाची तोड चीनमध्ये निघाली: बांबूच्या काड्यांवर कागद, आणि कागदावर तुंग झाडाच्या बियांचं तेल. हे तेल नुसतं वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि कागदावर कडक पापुद्रा धरतो. शेंगदाण्याचं तेल लावलं, तर कागद चिकटच राहील.

"आपल्याकडे आहे का तसं तेल?"

आहे की! ज्याची चटणी आपण खातो, त्या जवसाचं. तेही असंच वाळतं, फक्त तुंगापेक्षा हळू.

सकाळी तिनं वहीचा कागद आणला. तेल पातळ लावून तो दोरीवर टांगला. कच्च्या तेलाला वाळायला बरेच दिवस लागतात. तेल पुसलेला फडका मात्र मी बोळा न करता पसरून ठेवला. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं; बोळ्यात ती कोंडली, तर फडका आपोआप पेटू शकतो, आणि बाहेर तर नवतपा.