आगाऊ हप्ते (कॉल्स इन अॅडव्हान्स)

शेअरची पूर्ण रक्कम एकदम न घेता अर्ज, वाटप आणि त्यानंतरचे एक-दोन कॉल अशा टप्प्यांनी घेणाऱ्या कंपनीला, एखाद्या भागधारकाने पुढच्या कॉलचे पैसे मागणी होण्याआधीच दिले, तर त्या रकमेला आगाऊ हप्ते म्हणतात. पैसे कंपनीच्या बँक खात्यात असतात, तरी त्यांचे भांडवल झालेले नसते. मागणी होईपर्यंत कंपनी ती रक्कम त्या भागधारकाला देणे लागते, आणि व्याज, मतदान, लाभांश याबाबतचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

टप्प्यांमधले अंतर मोठे असू शकते. रिलायन्स इंडस्ट्रीजने 2020 मध्ये 1,257 रुपये दराने हक्कभाग विकले, तेव्हा अर्जासोबत 314.25 रुपये घेतले, तेवढाच पहिला कॉल मे 2021 मध्ये आणि उरलेले 628.50 रुपये नोव्हेंबर 2021 मध्ये मागितले. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या पैशात जवळजवळ दीड वर्ष गेले. इतक्या काळासाठी कोणी पैसे आधी देऊ केले, तर त्यांचा मोबदला काय, हा प्रश्न येतोच.

भारतात याचा आधार कंपनी कायदा 2013 च्या कलम 50 मध्ये आहे. कंपनीच्या नियमावलीत परवानगी असेल तरच असे पैसे स्वीकारता येतात. ती परवानगी असली तरी घ्यायचे की नाही हे संचालक मंडळ ठरवते. भागधारकाला ते लादता येत नाहीत. बहुतेक कंपन्या या बाबतीत कायद्यासोबतच्या नमुना नियमावलीची, म्हणजे टेबल एफची, भाषा जशीच्या तशी उचलतात. तिच्यात व्याजाचा दर मंडळ आणि भागधारक यांनी आपसांत ठरवायचा आहे, पण सर्वसाधारण सभेने वेगळे ठरवले नसेल तर तो वर्षाला 12 टक्क्यांच्या वर जाऊ नये, असे बंधन आहे. थकलेल्या कॉलवर कंपनी जे व्याज घेते त्याचा दर याच तक्त्यात 10 टक्के आहे. 1956 च्या कायद्याच्या टेबल ए मध्ये हे आकडे अनुक्रमे 6 आणि 5 होते, त्यामुळे जुन्या पुस्तकांतली उदाहरणे सोडवताना आधी वर्ष बघावे.

व्याज किती काळाचे, इथे सर्वाधिक गल्लत होते. पैसे मिळाल्याच्या तारखेपासून तो कॉल देय होण्याच्या तारखेपर्यंतच व्याज चालते. इतर भागधारकांनी कॉल उशिरा भरला, तरी आगाऊ देणाऱ्याचे व्याज लांबत नाही. आणि दोन कॉलची रक्कम एकत्र आली असेल, तर प्रत्येकीची मुदत वेगळी असते.

एक उदाहरण घेऊ. कंपनीने 10 रुपयांचे 20,000 शेअर काढले: अर्जावर 3, वाटपावर 3, पहिल्या कॉलला 2 आणि शेवटच्या कॉलला 2 रुपये. वाटपाची रक्कम 1 जानेवारी 2024 ला, पहिला कॉल 1 एप्रिलला आणि शेवटचा 1 जुलैला देय होता. 600 शेअर असलेल्या एका भागधारकाने वाटपाच्या 1,800 रुपयांसोबतच दोन्ही कॉलचे 2,400 रुपयेही देऊन टाकले. व्याजदर 12 टक्के. पहिल्या कॉलचे 1,200 रुपये तीन महिने कंपनीकडे राहिले, त्यावर 36 रुपये. शेवटच्या कॉलचे 1,200 रुपये सहा महिने राहिले, त्यावर 72 रुपये. एकूण 108. सरसकट 2,400 वर सहा महिने धरले तर 144 येतात, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हा आकडा नेहमी दिसतो.

हिशेबाच्या पुस्तकात 1 जानेवारीला बँक खाते नावे होते. त्यातले 2,400 आगाऊ हप्ते खात्याला जमा होतात, भाग भांडवल खात्याला नाही. 1 एप्रिलला पहिला कॉल सर्व 20,000 शेअरवर, म्हणजे 40,000 रुपयांचा लागतो. भांडवलात पूर्ण 40,000 जातात, पण बँकेत नव्याने 38,800 च येतात. उरलेले 1,200 आगाऊ हप्ते खाते नावे टाकून भरून निघतात. समायोजन म्हणतात ते हेच. जुलैमध्ये तीच नोंद पुन्हा होते आणि खाते शून्यावर येते. कोणी हे विसरून बँकेला 40,000 नावे टाकले, तर पासबुकाशी जुळवणी करताना नेमका 1,200 चा फरक निघतो आणि चूक तिथेच सापडते.

या उदाहरणात मध्ये 31 मार्च येतो. त्या दिवशीच्या ताळेबंदात 2,400 रुपये ‘इतर चालू देयता’ या शीर्षकाखाली दाखवायचे, भाग भांडवलात मिळवायचे नाहीत. शिवाय तोपर्यंत दोन्ही रकमांवर तीन महिन्यांचे व्याज चढलेले असते; ते 72 रुपये त्या वर्षाचा खर्च म्हणून नफा-तोटा पत्रकात घ्यायचे आणि देय व्याज म्हणून ताळेबंदात दाखवायचे. उरलेले 36 पुढच्या वर्षाचे. थकीत कॉलचे मात्र उलटे आहे: ते भांडवलातून वजा होतात.

व्याज हा नफ्याचा वाटा नसून कर्जावरच्या व्याजासारखा खर्च आहे. म्हणून नफा नसला तरी ठरलेले व्याज द्यावेच लागते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1896 मध्ये क्वीन्सलँड इन्व्हेस्टमेंट कंपनीच्या खटल्यात असे व्याज भांडवलातूनही देता येते, असे मान्य केले. याउलट या पैशांवर लाभांश मिळत नाही. लाभांशाच्या हिशेबात आगाऊ रक्कम भरलेली धरू नये, असे टेबल एफ स्पष्ट सांगते. वरच्या भागधारकाला मार्चअखेरच्या लाभांशात शेअरमागे 6 रुपये भरल्याचाच हिस्सा मिळेल. मतदानाचेही तसेच: कलम 50 नुसार कॉल होईपर्यंत त्या रकमेवर मताचा अधिकार नाही. हे नसते, तर सभेच्या आदल्या आठवड्यात पैसे भरून मतांचे वजन वाढवणे सहज शक्य झाले असते.

भागधारकाला ही रक्कम मनात आले म्हणून परत मागता येत नाही. कंपनी विसर्जित झाली तर बाहेरच्या धनकोंची देणी आधी फिटतात, मग आगाऊ हप्त्यांची रक्कम, आणि त्यानंतर बाकी भागधारकांचे भांडवल. म्हणजे आगाऊ देणारा इतर भागधारकांच्या पुढे, पण बँका आणि पुरवठादारांच्या मागे उभा असतो. 12 टक्के दिसायला आकर्षक वाटतात, पण अडचणीतल्या कंपनीत हा धोका त्याच दरात धरलेला असतो.

मंडळाला दिलेला हा अधिकार कंपनीच्या हितासाठीच वापरावा लागतो. 1872 च्या साइक्स खटल्यात कंपनीकडे संचालकांचे मानधन द्यायला पैसे नव्हते. संचालकांनी आपल्या शेअरवरची न मागितलेली रक्कम आगाऊ भरली आणि त्याच पैशातून आपले मानधन घेतले. कागदावर त्यांचे शेअर पूर्ण भरले गेले, पैसे मात्र फिरून त्यांच्याच खिशात गेले. न्यायालयाने हे भरणे प्रामाणिक नसल्याचे ठरवले आणि शेअरवरची त्यांची जबाबदारी कायम ठेवली.