मूत्रपिंडाचा भ्रूणविकास

मानवी भ्रूणात मूत्रपिंडाची रचना तीनदा उभी राहते. प्रथम मानेच्या भागात पूर्ववृक्क, मग छातीपासून कंबरेपर्यंतच्या पट्ट्यात मध्यवृक्क आणि शेवटी कटीरात, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीत, पश्चवृक्क तयार होतो. वैद्यकाच्या वर्गांत यांनाच प्रोनेफ्रॉस, मेसोनेफ्रॉस आणि मेटानेफ्रॉस म्हणतात. यांपैकी तिसऱ्या रचनेचेच कायमचे मूत्रपिंड बनते. तिन्हींचा उगम भ्रूणाच्या मध्यस्तराच्या एका अरुंद, उभ्या पट्टीत असतो आणि ही पट्टी पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते. या नोंदीतील आठवडे, जेथे वेगळे सांगितलेले नाही तेथे, फलनापासून मोजलेले आहेत.

पूर्ववृक्क चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीस दिसतो आणि तो आठवडा संपेपर्यंत नाहीसाही होतो. बेडकाच्या डिंभात पूर्ववृक्क खरोखर उत्सर्जनाचे काम करतो, परंतु माणसात तो पेशींच्या काही पुंजक्यांपलीकडे जात नाही आणि मूत्र मुळीच तयार करत नाही. तरीही त्याला निरुपयोगी अवशेष मानणे बरोबर नाही, कारण याच टप्प्यात एक नलिका खालच्या दिशेने वाढू लागते आणि अवस्करापर्यंत, म्हणजे मूत्रमार्ग व आतडे यांच्या सामाईक कोठीपर्यंत, जाऊन पोहोचते. पूर्ववृक्क विरला तरी ही नलिका टिकते. पुढे तिलाच मध्यवृक्क नलिका किंवा वुल्फची नलिका म्हणतात आणि तीन टप्प्यांना जोडणारा खरा दुवा तीच आहे.

मध्यवृक्क चौथ्या आठवड्याच्या अखेरीस आकाराला येतो. त्यात केशिकागुच्छ आणि वळणदार सूक्ष्मनलिका असतात. त्या वुल्फच्या नलिकेत उघडतात व काही आठवडे थोडे मूत्रही तयार करतात. वरचा भाग झिजत असतानाच खाली नव्या सूक्ष्मनलिका बनत राहतात आणि दुसरा महिना संपेपर्यंत बहुतेक अवयव विरतो. पुरुष भ्रूणात वुल्फची नलिका मात्र टिकून राहते आणि तिच्यापासून अधिवृषण, शुक्रवाहिनी व शुक्राशय बनतात. स्त्री भ्रूणात तिचे किरकोळ अवशेष उरतात.

पश्चवृक्काची सुरुवात पाचव्या आठवड्यात होते. वुल्फची नलिका अवस्कराला मिळते त्या ठिकाणाजवळ तिच्यातून एक अंकुर फुटतो. हा मूत्रवाहिनी अंकुर शेजारच्या पेशीसमूहात, म्हणजे पश्चवृक्क ऊतीत, शिरतो. अंकुर पुन्हा पुन्हा दुभंगत जातो आणि त्यापासून मूत्रवाहिनी, मूत्र गोळा करणारी नरसाळ्यासारखी वृक्कद्रोणी, तिचे पेल्यासारखे फाटे व संकलक नलिका तयार होतात. भोवतालच्या ऊतीपासून नेफ्रॉन, म्हणजे गाळणारे मूळ एकक, घडते. प्रत्येक शाखेच्या टोकाशी पेशींची टोपी जमते, तिची पोकळ पुटिका होते आणि पुटिका लांबून इंग्रजी एस अक्षराप्रमाणे वळते. तिच्या एका टोकात केशिका शिरून गाळणी बनते, तर दुसरे टोक संकलक नलिकेला जोडले जाते.

या दोन भागांपैकी एकही एकट्याने मूत्रपिंड बनवू शकत नाही. पेशीसमूह जीडीएनएफ हे प्रथिन स्रवतो, अंकुराच्या पृष्ठभागावरील आरईटी हा ग्राही ते ओळखतो आणि त्यामुळे अंकुर फुटतो व फांदतो. उलट अंकुराकडून संकेत मिळाले नाहीत तर पेशीसमूह मरून जातो. क्लिफर्ड ग्रॉबस्टीन यांनी 1950 च्या दशकात उंदराच्या भ्रूणाची ही ऊती वेगळी वाढवून दाखवले की प्रेरक ऊती आणि ती यांच्यामध्ये बारीक छिद्रांचा पडदा ठेवला तरीही तिच्यात सूक्ष्मनलिका तयार होतात. अंकुर फुटलाच नाही तर त्या बाजूचे मूत्रपिंड बनत नाही. एका बाजूचा अभाव बहुधा आयुष्यभर जाणवत नाही, कारण दुसरे मूत्रपिंड वाढून भार उचलते. दोन्ही बाजूंचा अभाव मात्र जीवघेणा असतो: गर्भावस्थेच्या उत्तरार्धात गर्भजल मुख्यतः गर्भाच्या मूत्रापासूनच बनते, म्हणून ते अतिशय कमी पडते आणि फुप्फुसे नीट वाढत नाहीत. अंकुर लवकर दुभंगला किंवा दोन अंकुर फुटले, तर त्या बाजूला दुहेरी मूत्रवाहिनी आढळते.

नेफ्रॉन बनण्याची क्रिया शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या साधारण 36 व्या आठवड्यापर्यंत चालते. त्यानंतर मूत्रपिंड मोठे होते, पण नवे नेफ्रॉन बनत नाहीत.

पश्चवृक्क कटीरात बनतो आणि प्रौढाचे मूत्रपिंड बरगड्यांखाली असते. सहाव्या ते नवव्या आठवड्यांत हे स्थलांतर होते. त्याला आरोहण म्हणतात, पण मूत्रपिंड स्वतः वर चढते असे म्हणण्यापेक्षा खालचे धड वाढते व भ्रूणाची वक्रता सरळ होते, असे म्हणणे अधिक अचूक आहे. वाटेत वृक्कद्रोणीचे तोंड पुढून आतल्या बाजूस वळते. रक्तपुरवठाही बदलतो: आधी कटीरातील रोहिण्यांकडून, मग महारोहिणीच्या क्रमशः वरच्या शाखांकडून रक्त मिळते आणि खालच्या शाखा झिजतात. त्यांपैकी एखादी राहून गेली तर जादा वृक्करोहिणी सापडते. आरोहण झालेच नाही तर मूत्रपिंड कटीरातच राहते.

नालाकृती मूत्रपिंड, म्हणजेच हॉर्सशू किडनी, समजण्यासाठी ही वाटचाल माहीत असावी लागते. सुमारे 400 ते 600 व्यक्तींमागे एकीत ते आढळते, पुरुषांत अधिक. आरोहणाच्या आरंभी दोन्ही पश्चवृक्क अगदी जवळ असतात आणि तेव्हाच त्यांची टोके जुळतात. दहापैकी नऊहून अधिक व्यक्तींत ती खालची टोके असतात. त्यांना जोडणारा सेतू कधी कार्यक्षम वृक्क-ऊतीचा, तर कधी केवळ तंतुमय असतो. तो बहुधा महारोहिणीच्या पुढून जातो आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला रक्त देणाऱ्या अधर आंत्रबंध रोहिणीच्या मुळाशी अडतो, असे पारंपरिक स्पष्टीकरण आहे. त्यामुळे अवयव नेहमीपेक्षा खाली राहतो, परिवलन अपुरे होऊन वृक्कद्रोण्यांची तोंडे पुढेच राहतात आणि मूत्रवाहिन्यांना सेतूवरून ओलांडून खाली जावे लागते. टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींत ही विकृती नेहमीपेक्षा अधिक दिसते.

एका नमुनेदार रुग्णाचे उदाहरण घेऊ. चाळिशीतील पुरुषाला डाव्या कुशीत वारंवार कळ येते आणि सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात खडा दिसतो, पण दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोके स्पष्ट सापडत नाहीत. सामान्यतः ही टोके बाहेरच्या बाजूस झुकलेली असतात; येथे ती कण्याकडे वळलेली आहेत. महारोहिणीपुढे एक पट्टाही दिसतो. हा पट्टा सुजलेल्या लसिका ग्रंथींचा वा गाठीचा आहे अशी गफलत होऊ शकते, परंतु तो दोन्हीकडे मूत्रपिंडात विलीन होत असल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसले की निदान पक्के होते. खडा होण्याचे कारणही याच रचनेत आहे: मूत्रवाहिनी वृक्कद्रोणीतून उंचावर निघते व सेतूवर चढते, त्यामुळे निचरा मंदावतो. याच कारणाने बाहेरून ध्वनितरंगांनी खडा फोडला तरी तुकडे सहज बाहेर पडत नाहीत. म्हणून खडा मोठा असल्यास पाठीतून दुर्बीण घालून तो काढणे अनेकदा पसंत केले जाते आणि तेव्हा मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाकडून शिरणे सोयीचे ठरते. मात्र शस्त्रक्रियेपूर्वी रक्तवाहिन्यांचे सीटी चित्र पाहून घ्यावे लागते. आरोहण मध्येच थांबल्याने येथे रोहिण्यांची संख्या आणि उगम ठरावीक नसतात, सेतूलाही स्वतंत्र रोहिणी असू शकते. ज्याला कोणताही त्रास नाही अशा माणसात हा सेतू कापून टाकण्याची गरज नसते.