x मोठा की y? क्वाड्रॅटिक कंपॅरिझनचे मार्क नेमके कुठे जातात

आमच्या बँकिंग बॅचच्या आणि टेस्ट सिरीजच्या विद्यार्थ्यांसाठी

बँक पीओ-क्लार्कच्या प्रिलिम्सला हा प्रश्न येतो तेव्हा दोन समीकरणं दिलेली असतात, एक x चं, एक y चं, आणि पर्याय ठरलेले: x > y, x ≥ y, x < y, x ≤ y आणि शेवटचा म्हणजे x = y किंवा संबंध सांगता येत नाही, ज्याला सगळे सीएनडी म्हणतात. क्वांटला २० मिनिटं असतात आणि उत्तर चुकलं की पाव मार्क कापला जातो. बहुतेकांना रूट्स काढता येतात हो, तरी मार्क जातात, कारण गडबड होते ती रूट्स काढल्यानंतर.

हे एक उदाहरण बघा:

I. 2x² − 17x + 36 = 0
II. y² − 7y + 12 = 0

पहिल्यात 2 गुणिले 36 म्हणजे 72, ज्यांचा गुणाकार 72 आणि बेरीज 17 असे आकडे 8 आणि 9. मधलं पद मायनस आहे म्हणून चिन्ह बदलून +8, +9. दुसऱ्यात तसंच +3, +4. आता घाईत असलेला मुलगा 8, 9 आणि 3, 4 बघतो, x > y टिक करतो आणि पुढे जातो. पण x² च्या आधी 2 आहे ना, त्याने भागायचं राहिलं! भागल्यावर x = 4 आणि 4.5, आणि y = 3 आणि 4. म्हणजे x चा छोटा आणि y चा मोठा दोन्ही 4, उत्तर x ≥ y. पेपर काढणाऱ्याने आकडे मुद्दाम असे घेतलेले असतात की भागायचं विसरलात तरी तुमचं उत्तर पर्यायांत सापडतंच, त्यामुळे चुकलंय अशी शंकासुद्धा येत नाही. म्हणून रफमध्ये 8 आणि 9 लिहिल्या लिहिल्या खाली /2 मारा, नंतर मारू म्हणून ठेवू नका.

तुलना करताना चारही जोड्या तपासत बसायची गरज नाही. x चा सगळ्यात छोटा रूट y च्या सगळ्यात मोठ्यापेक्षा मोठा असेल तर x > y, तिथेच दोघं बरोबर आले तर x ≥ y. उलट बाजूने बघितलं तर y साठीही हेच. दोन्हीपैकी काहीच जमत नसेल तर सीएनडी.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांची चुकते. दोन्ही समीकरणांचे रूट्स 3 आणि 5 आले तर x = y म्हणावंसं वाटतं, पण x 3 असताना y 5 असू शकतो आणि x 5 असताना y 3, म्हणजे कधी हा मोठा कधी तो, म्हणून सीएनडी. x = y तेव्हाच जेव्हा दोन्हीकडे एकच किंमत येते आणि ती सारखीच असते. बऱ्याच पेपरमध्ये हे दोन्ही एकाच पर्यायात असतात म्हणून निभावतं, पण कधीकधी वेगवेगळे देतात.

आता वेळ वाचवायचं. सगळी पदं डावीकडे आणा आणि x² चं पद प्लस ठेवा (2x² + 36 = 17x असं दिलं असेल तर आधी 17x डावीकडे, नाहीतर चिन्हं फसवतात). शेवटचं पद मायनस असेल तर एक रूट प्लस आणि एक मायनस. शेवटचं पद प्लस असेल तर दोन्ही रूट्सचं चिन्ह एकच, मधल्या पदाच्या उलट. त्यामुळे दोन्ही समीकरणांत शेवटचं पद मायनस दिसलं की काही न सोडवता सीएनडी टिक करा, कारण x चा प्लस y च्या मायनसपेक्षा मोठा आणि x चा मायनस y च्या प्लसपेक्षा छोटा, हे कधीच बदलत नाही. एकाचे दोन्ही प्लस आणि दुसऱ्याचे दोन्ही मायनस असतील तरी सोडवायचं नाही, उत्तर समोरच आहे.

एकात मिश्र आणि दुसऱ्यात एकाच चिन्हाचे असतील तर मात्र थोडं सोडवावं लागतं, पण अर्धंच. x² − x − 12 = 0 आणि y² + 9y + 20 = 0 घ्या. x = 4, −3 आणि y = −4, −5. इथे 4 बघायची गरजच नाही, तो मोठा असणारच, फक्त −3 आणि −4 बघा. −3 मोठा, म्हणून x > y. मायनसमध्ये आकडा मोठा दिसतो तो खरं तर छोटा असतो, घाईत इथेही मुलं उलटं करतात, तेव्हा शंका आली तर संख्यारेषा काढा, दोन सेकंद लागतात.

आणि वर्गमूळवाले प्रश्न. x² = 49 दिलं तर x = 7 किंवा −7, पण y = √49 दिलं तर y फक्त 7, कारण √ चिन्ह प्लस किंमतच देतं. म्हणून उत्तर x ≤ y. तसंच x² = 5x मध्ये दोन्हीकडचा x उडवू नका, उडवलात की 0 हा रूट गायब होतो, आणि समोर y = 0, −2 असेल तर x ≥ y च्या जागी x > y येतं.