‘रोज सहा तास’ म्हणजे नक्की किती?

दिवसाला किती अभ्यास करतोस, असं विचारलं की उत्तर बहुधा गोल आकड्यात येतं: चार तास, सहा तास, आठ तास. पाच तास चाळीस मिनिटं असं कुणी म्हणत नाही. एखाद्या सर्वेक्षणातली उत्तरं पूर्ण आणि त्यातही सम आकड्यांवरच गर्दी करून बसलेली दिसली, तर समजावं की लोकांनी वेळ मोजलेला नाही, अंदाजानं सांगितलेला आहे. त्यात खोटं बोलण्याचा भाग फारसा नसतो. ‘साधारण दिवस’ म्हटल्यावर चांगला गेलेला दिवस डोळ्यांपुढे येतो, सुट्टीचा किंवा आजारपणाचा दिवस येत नाही. शिवाय पुस्तक उघडल्यापासून मिटेपर्यंतचा सगळा वेळ अभ्यासाच्या खात्यात जमा होतो, मधला चहा आणि फोनसुद्धा.

स्क्रीन टाइमचं प्रकरण थोडं वेगळं आहे. तिथेही सांगितलेले आकडे फुगलेलेच असतात असा समज आहे, पण तो अर्धाच खरा. ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात 2021 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्रानं नोंदवलेला वापर यांच्या 106 तुलना त्यात एकत्र केल्या होत्या. एक आकडा वाढला की दुसरा किती नेमानं वाढतो हे सांगणारा सहसंबंध जास्तीत जास्त 1 असतो; इथे तो सुमारे 0.38 निघाला, म्हणजे बेताचाच. चूक मात्र एकाच दिशेची नव्हती. काहींनी वापर जास्त सांगितला, काहींनी कमी. फेसबुकच्या वापरावरच्या 2020 च्या एका अभ्यासात लोकांनी वेळ जास्त सांगितला, पण आपण किती वेळा ते उघडतो हा आकडा कमी सांगितला. 2015 साली 23 तरुणांच्या फोनवर झालेल्या एका छोट्या अभ्यासातही फोन प्रत्यक्षात हातात घेण्याची संख्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक भरली होती. म्हणून सरसकट ‘वीस टक्के वजा करा’ असा उपाय चालत नाही. आधी पडताळणी करावी लागते, आणि तिचा क्रम महत्त्वाचा असतो.

सुरुवात प्रश्नापासून करावी. लॉग, म्हणजे फोननं आपोआप ठेवलेली वापराची नोंद, मागच्या सात दिवसांचा आणि प्रश्न ‘साधारणपणे’चा असेल, तर दोन्हींत फरक निघणारच आणि तो स्मरणाचा दोष ठरणार नाही. ‘गेल्या सात दिवसांत, फक्त तुमच्या फोनवर, दररोज सरासरी किती वेळ?’ असा नेमका प्रश्न हवा. अंदाज आधी लिहून घ्यावा आणि लॉग नंतर मागावा. लॉग मागणार आहोत हे आधी कळलं, तर निम्मी मंडळी सेटिंग्जमध्ये डोकावून उत्तर देतील आणि अंदाज विलक्षण अचूक निघतील. लॉगसाठीची संमती त्याच टप्प्यावर वेगळी घ्यावी. होऊन गेलेल्या आठवड्याचा लॉग घेण्याचा आणखी एक फायदा आहे: आपल्यावर कुणाचं लक्ष आहे हे तेव्हा त्या व्यक्तीला ठाऊक नव्हतं, त्यामुळे वागणं बदललेलं नसतं.

फोनमधला साप्ताहिक तक्ता बऱ्याच कामांना पुरतो, पण चालू आठवड्याची सरासरी घेऊ नये. पूर्ण झालेल्या आठवड्यातला प्रत्येक दिवस वेगळा उतरवून घ्यावा. मिनिटामिनिटाची नोंद हवी असेल तर यूएसबी डिबगिंग चालू केलेला अँड्रॉइड फोन संगणकाला जोडून adb या साधनानं घडामोडींची यादी काढता येते. तिच्यात साधारण गेल्या चोवीस तासांच्याच घडामोडी येतात, म्हणून ती रोज काढून ठेवावी:

```
adb shell dumpsys usagestats > usage.txt
```

या फाइलमध्ये प्रत्येक ॲपसाठी `ACTIVITY_RESUMED` आणि `ACTIVITY_PAUSED` अशा ओळी वेळेसह दिसतात. पहिली म्हणजे ॲप समोर आलं, दुसरी म्हणजे बाजूला गेलं. दोन्हींमधलं अंतर म्हणजे वापर. घोळ होतो तो दुसरी ओळ गायब असली की. फोन मध्येच बंद पडला तर सत्र उघडंच राहतं आणि हिशेबात कुणीतरी सलग सात तास कॅल्क्युलेटर वापरताना दिसतं. दोन तासांहून लांब अखंड सत्र दिसलं की ते हातानं तपासावं. स्क्रीन बंद झाल्याची `SCREEN_NON_INTERACTIVE` ही ओळ मध्ये असेल, तर सत्र तिथेच तोडावं.

लॉगलाही डोळे मिटून खरं मानू नये. त्याला स्क्रीन चालू होती एवढंच कळतं, माणूस समोर होता की नाही ते कळत नाही. टेबलावर चालू ठेवलेला टायमर तो मोजतो. स्क्रीन बंद करून ऐकलेलं व्याख्यान त्याच्या लेखी नसतंच. फोन घरात दोघांत असेल तर दोघांचा वेळ एकाच्या नावावर चढतो. एकाच खात्यावरच्या टॅबलेटची बेरीज फोनच्या तक्त्यात मिसळलेली असू शकते. यावर सोपी चाचणी आहे. अर्धा तास ठरवून वापर करावा: 10:00 ला एक ॲप उघडायचं, 10:07 ला फोन लॉक करायचा, 10:12 ला दुसरं उघडायचं, आणि हे सगळं कागदावर टिपायचं. मग लॉग उघडून कागदाशी ताडून पाहायचा. ज्या प्रकारचे फोन पाहणीत आहेत, त्या प्रत्येकावर हे एकदा करावं. सात मिनिटांची तिथे वीस मिनिटं झालेली दिसली, तर दोष कुठे आहे ते लगेच कळतं. आणि एखाद्या दिवसाची नोंदच नसेल तर तो दिवस ‘शून्य’ धरू नये, ‘माहिती नाही’ असाच ठेवावा. ही चूक इतकी सर्रास होते की सरासरी संशयास्पद कमी दिसली की आधी हेच पाहावं.

अभ्यासाचा वेळ मात्र कोणताही लॉग एकटा सांगू शकत नाही, कारण बराच अभ्यास कागदावर होतो. इथे डायरी लागते. दिवस पहाटे 4 पासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे 4 पर्यंत धरावा, म्हणजे रात्री जागून केलेला अभ्यास दोन तारखांत तुटत नाही. दहा-दहा मिनिटांचे रकाने आखावेत. वेळेच्या वापरावरच्या युरोपीय पाहण्यांमध्येही हीच लांबी वापरतात. ‘अभ्यास केला का?’ असं विचारू नये. प्रत्येक रकान्यात त्या वेळी काय चाललं होतं ते लिहायला सांगावं: जेवण, प्रवास, गणितं, झोप. चोवीस तासांचा हिशेब जुळवायचा असला की सहा तास फुगवायला जागाच उरत नाही, कारण तो वेळ कुठल्या तरी दुसऱ्या कामातून काढावा लागतो.

डायरीचा मोठा शत्रू म्हणजे ती मागाहून एकदम भरणं. याचा पुरावा 2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. जुनाट वेदना असलेल्या रुग्णांना ठरावीक वेळी भरायच्या कागदी डायऱ्या दिल्या होत्या. डायरी कधी उघडली जाते हे टिपणारा प्रकाश-संवेदक तिच्या फाइलमध्ये लपवलेला होता. नोंदींवर लिहिलेल्या वेळा पाहिल्या तर 90 टक्के नोंदी वेळेवर झालेल्या होत्या. संवेदकानुसार वेळेवर झालेल्या नोंदी 11 टक्के! फाइल दिवसभरात एकदाही उघडलेली नाही आणि तरी त्या दिवसाच्या नोंदी जागेवर, असंही आढळलं. म्हणून डायरीच्या पानाचा फोटो दिवसातून तीनदा मागवावा, किंवा जमा झाल्याची वेळ आपोआप नोंदवणारा फॉर्म वापरावा. तीन तासांहून उशिरा आलेल्या नोंदी फेकू नयेत, पण वेगळी खूण करून ठेवाव्यात आणि त्यांच्यासह व त्यांच्याशिवाय अशी दोनदा बेरीज करावी.

आता एक कल्पित उदाहरण आकड्यांनिशी पाहू. एका विद्यार्थिनीनं अंदाज दिला रोज 6 तास, म्हणजे 360 मिनिटं. सोमवार ते रविवार तिची डायरी अशी भरली: 280, 250, 300, 210, 240, 330, 140 मिनिटं. बेरीज 1750, सरासरी 250. तिच्या अंदाजाच्या सर्वांत जवळ शनिवार आहे. त्या दिवशी ती सकाळी 10 ते संध्याकाळी 5 वाचनालयात होती, म्हणजे 420 मिनिटं. त्यातली 90 जेवण आणि गप्पांत गेली. ‘सहा तास’ कुठून आले ते इथे दिसतं: चांगला दिवस निवडला गेला आणि रविवार विसरला गेला.

मग अभ्यासाच्या रकान्यांवर फोनचा लॉग ठेवून पाहिला. अभ्यासाशी संबंध नसलेल्या ॲपवर त्या रकान्यांतली 60, 45, 70, 40, 50, 95 आणि 25 मिनिटं गेली होती, सरासरी 55. ती वजा केली की उरतात 195 मिनिटं, म्हणजे सव्वातीन तास. फोनवर वाचलेल्या नोट्स आणि शब्दकोश या वजाबाकीत धरायचे नाहीत. त्यासाठी ‘अभ्यासाची ॲप’ ही यादी लॉग पाहण्याआधी तिच्याकडूनच लिहून घ्यावी. ‘रकान्यात पाच मिनिटांहून जास्त फोन असेल तरच तो रद्द’ असा नियम काही जण लावतात. तो टाळावा. दर दहा मिनिटांत चार मिनिटं फोन पाहणाऱ्याचा सगळा वेळ त्यातून अभ्यास म्हणून सुटतो. मिनिटंच वजा करावीत.

यातला खरा आकडा कोणता? टेबलापाशी दिलेला वेळ विचारला असेल तर 250, फोन वगळून उरलेला विचारला असेल तर 195. पुस्तक समोर आणि मन भलतीकडे, हे दोन्हींत येत नाही. अहवालात दोन्ही आकडे व्याख्येसह द्यावेत.

गटासाठी हेच करताना बरेच जण अंदाज आणि मापन यांचा सहसंबंध काढून थांबतात. सगळ्यांनी नेमकं दुप्पट सांगितलं तरी सहसंबंध 1 येतो, म्हणजे चूक झाकली जाते. त्याऐवजी ब्लँड आणि ऑल्टमन यांनी 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेली पद्धत वापरावी: प्रत्येकाच्या अंदाजातून मापन वजा करून फरक काढायचा, त्या फरकांची सरासरी घ्यायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना 1.96 गुणिले प्रमाण विचलन, म्हणजे फरक किती विखुरले आहेत त्याचं माप, एवढं अंतर मोजायचं. जवळजवळ सगळ्यांचे फरक या दोन मर्यादांच्या आत येतात. समजा सरासरी फरक 1.5 तास आणि प्रमाण विचलन 1.2 तास आहे. मर्यादा येतात उणे 0.85 पासून 3.85 तासांपर्यंत. गटाच्या सरासरीतून दीड तास वजा करणं यात बसतं. एखाद्या विद्यार्थ्याच्या उत्तरातून दीड तास वजा करणं बसत नाही, कारण त्याची चूक जवळजवळ चार तासांची असू शकते किंवा उलट दिशेचीही. फरक जास्त तास सांगणाऱ्यांत वाढत जातो का, तेही आलेख काढून पाहावं. कामाच्या तासांबाबत अमेरिकेत 1994 साली डायऱ्यांशी ताडून पाहिलं तेव्हा 55 तासांहून जास्त काम सांगणाऱ्यांचे आकडे सर्वाधिक फुगलेले निघाले होते. फरक असा वाढत असेल तर तासांच्या वजाबाकीऐवजी गुणोत्तर घेणं योग्य.

पाचशे जणांच्या पाहणीत सगळ्यांकडून डायरी भरून घेणं परवडत नाही. त्यातले पन्नास जण चिठ्ठी काढून निवडावेत आणि फक्त त्यांची पडताळणी करून बाकीच्यांच्या सरासरीत दुरुस्ती करावी. ‘कोण तयार आहे?’ असं विचारून पन्नास जण घेतले, तर येतात ते मुळातच वेळेचा हिशेब ठेवणारे, आणि त्यांच्या चुकीवरून काढलेली दुरुस्ती उरलेल्या साडेचारशे जणांना तोकडी पडते.