‘माले माहीतच व्हतं’

2022च्या दिवाळीनंतर आमच्या अमळनेर-चोपड्याकडे घरोघरी कापूस भरून ठेवलेला होता. आदल्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या पुढे भाव मिळाला होता, म्हणून यंदाही थांबायचं असं बहुतेकांनी ठरवलं. 2023च्या उन्हाळ्यापर्यंत भाव सात हजारांच्या आसपास घसरला, तेव्हा पारावरची तीच माणसं म्हणू लागली, “माले माहीतच व्हतं, भाव पडनार.”

कोणी खोटं बोलत नव्हतं. निकाल कळला की मेंदू आधीचा अंदाज त्या निकालाच्या बाजूला सरकवतो, आणि तो सरकल्याचं आपल्या ध्यानातही येत नाही. मानसशास्त्रज्ञ याला पश्चात्‌दृष्टीचा दोष म्हणतात. 1972 साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी दौऱ्याआधी इस्राएलमधल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की काय घडण्याची शक्यता किती वाटते. निक्सन माओंना भेटतील का, असे प्रश्न त्यात होते. दौरा झाल्यावर त्यांना आपापले जुने आकडे आठवायला सांगितले. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं बहुतेकांना आठवलं. कागद मात्र वेगळं सांगत होता.

शेअर घेणाऱ्यानं गुंतवणुकीची वही ठेवायची ती एवढ्यासाठी. खरेदी-विक्रीचा हिशेब ब्रोकरकडे असतोच. तिथे नसतं ते कारण, आणि स्मृती बदलून टाकते तेही कारणच. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो.

“31 मार्च 2023. एका सूतगिरणी कंपनीचे 350 शेअर, भाव 140, एकूण 49,000. कारण: कापूस गेल्या वर्षीपेक्षा बराच स्वस्त झालाय, म्हणजे गिरणीचा कच्चा माल स्वस्त, म्हणून सप्टेंबर तिमाहीत नफ्याचं प्रमाण वाढेल. खात्री 10 पैकी 7. चूक कधी मानायची: सप्टेंबरच्या निकालात हे प्रमाण वाढलं नाही तर. आज निफ्टी 17,360.”

29 डिसेंबरला मी ते 161 रुपयांना विकले. 7,350 रुपये सुटले, म्हणजे पंधरा टक्के. वही नसती तर ‘कापसाचा अंदाज बरोबर आला’ असं मी आजही छातीठोक सांगत असतो. पण नोंद उघडून कंपनीच्या निकालाशी ताडून पाहिली, तर नफ्याचं प्रमाण उलट घटलं होतं. कापूस उतरला तसे सुताचे भावही उतरले होते. गिरणीला फायदा कापूस आणि सूत यांच्या भावांतल्या फरकातून होतो, आणि तो फरकच आक्रसला होता. मग शेअर का चढला? मी विकला त्या दिवशी निफ्टी 21,731वर होता, म्हणजे सगळा बाजारच पंचवीस टक्के वर गेला होता. तेवढेच पैसे निर्देशांकाच्या फंडात टाकले असते तर साधारण बारा हजार सुटले असते. कारण चुकलं, शेअर बाजाराच्या मागे राहिला, आणि तरीही हातात नफा आला. अशी नोंद सगळ्यात फसवी, कारण नफ्याची चूक कोणी तपासायला जात नाही.

या नोंदीत ‘चूक कधी मानायची’ ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. माझ्या सुरुवातीच्या पानांवर ‘कंपनी चांगली आहे’, ‘पुढे वाढेल’ अशी कारणं आहेत. त्यांतून काहीच शिकता येत नाही, कारण ती कधी खोटी ठरूच शकत नाहीत. कारणात मोजता येणारी गोष्ट आणि ती तपासायची तारीख हवी. नोंद सौदा करण्याआधी लिहायची; संध्याकाळी भाव पाहून लिहिली तर तिच्यात निकाल मिसळलेला असतो. मी शाईनं, पानांना क्रमांक घातलेल्या वहीत लिहितो. मोबाइलवरची नोंद नकळत सुधारली जाते.

एका नोंदीवरून मात्र निष्कर्ष काढू नये, नशिबाचा वाटा फार मोठा असतो. खात्रीचे आकडे उपयोगी पडतात ते पुष्कळ नोंदी साठल्यावर. ‘10 पैकी 7’ लिहिलेल्या माझ्या 20 नोंदींपैकी चौदाच्या आसपास कारणं खरी ठरायला हवी होती. ठरली नऊ. वीस नोंदी म्हणजे काही फार नव्हेत, पण माझा सात हा बहुधा पाचच असतो असं धरून मी आता रक्कम कमी ठेवतो.

मग त्या चुकलेल्या अकरा नोंदी कारणांप्रमाणे वेगळ्या केल्या. त्यांतल्या पाच कापसावर बेतलेल्या होत्या. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. कापूस तर माझा घरचा विषय. भाऊ पिकवतो, जिनिंगवाले ओळखीचे, भाव रोज कानावर. पण जिनिंगच्या दारात मला कळणारा भाव त्याच दिवशी कोइमतूरच्या गिरणीवाल्यालाही कळतो, आणि शेअरच्या किमतीत तो आधीच धरलेला असतो. जवळून दिसतं म्हणून मी त्याला जास्त वजन देत होतो. तेव्हापासून कारणाच्या ओळीखाली मी आणखी एक ओळ आखली आहे: ‘हे अजून कोणाकोणाला माहीत आहे?’ कापसावरच्या शेवटच्या दोन सौद्यांच्या वेळी ती ओळ भरता भरताच पेन खाली ठेवलं. न केलेले ते दोन सौदेही तारखेसकट वहीत आहेत, कारण तेही तपासायचे आहेत.