जांभळा गाल आणि हरवलेला हिरवा

शाळेच्या कार्यक्रमातले नाचाचे फोटो मोठ्या पडद्यावर उघडले की एक तक्रार हमखास येते. मुद्रा नेमकी टिपली आहे, हावभाव सुरेख आहेत, पण मुलीचा अर्धा चेहरा जांभळा पडलाय. समोर बसून पाहणाऱ्या कुणालाही तो जांभळा वाटला नव्हता. प्रकाशाचा रंग बदलला की डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशी आपापली संवेदनशीलता कमीजास्त करतात, आणि हा चेहरा आहे हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. कॅमेऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या सेन्सरवर दर चार ठिपक्यांपैकी दोनांवर हिरवी, एकावर लाल आणि एकावर निळी गाळणी असते. त्या त्या ठिपक्यावर किती प्रकाश पडला एवढंच तो मोजतो.

मग व्हाइट बॅलन्स बदलला की झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण व्हाइट बॅलन्स म्हणजे साधा गुणाकार असतो. लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनेलना वेगवेगळ्या आकड्यांनी गुणायचं, म्हणजे पांढरी वस्तू पांढरी दिसते. बल्बच्या पिवळट प्रकाशात हे छान जमतं, कारण त्या प्रकाशात तिन्ही रंग असतात, फक्त प्रमाण वेगळं असतं. रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांचं तसं नसतं. निळ्या एलईडीचा प्रकाश 450 ते 470 नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यात असतो, लाल एलईडीचा 620 ते 630 च्या आसपास. दोन्ही एकदम लावले की जो झगझगीत किरमिजी-जांभळा रंग मिळतो, त्यात हिरवा जवळजवळ नसतोच. आणि जे नाही, त्याला कितीनेही गुणलं तरी ते नाहीच.

आता त्वचेकडे बघू. वर्ण गोरा असो की सावळा, साध्या पांढऱ्या प्रकाशात माणसाची त्वचा लाल सगळ्यात जास्त परत पाठवते, हिरवा त्याहून कमी आणि निळा सगळ्यात कमी. मेलॅनिन निळ्या बाजूचा प्रकाश जास्त शोषतं. रक्तातलं हिमोग्लोबिन 540 ते 580 नॅनोमीटरच्या दरम्यान हिरव्या-पिवळ्याचा मोठा वाटा गिळतं. त्यामुळे वर्ण बदलला तरी मुख्यतः उजळपणा बदलतो, लाल-हिरवा-निळा ही उतरती भाजणी बदलत नाही. दुरुस्ती करताना नजरेवर विसंबण्यापेक्षा ही भाजणी तपासणं जास्त खात्रीचं, कारण दहा मिनिटं जांभळा फोटो बघत बसलं की आपले डोळेही त्याला सरावतात.

एक फोटो घेऊन हे करून पाहू. मुलीच्या उजव्या गालावर समोरच्या पिवळसर पांढऱ्या दिव्याचा प्रकाश आहे, डाव्या गालावर बाजूच्या किरमिजी एलईडीचा. फाइल रॉ आहे, म्हणजे सेन्सरने मोजलेले मूळ आकडे तिच्यात आहेत, आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स पिवळसर दिव्याला जुळेल असा 3200 केल्व्हिनवर ठेवला होता. सॉफ्टवेअरमध्ये गालावर कर्सर नेला की तिन्ही चॅनेलचे आकडे 0 ते 255 मध्ये दिसतात. उजवा गाल: लाल 205, हिरवा 158, निळा 132. भाजणी बरोबर आहे, इथे हात लावायचं कारण नाही. डावा गाल: लाल 214, हिरवा 92, निळा 186. निळा हिरव्याच्या दुप्पट, म्हणजे उतरंड मधूनच मोडली आहे.

इथे ऑटो व्हाइट बॅलन्स दाबून पाहाच, कारण तो कसा चुकतो हे बघण्यासारखं असतं. त्याच्या अनेक पद्धतींमागचं गृहीतक असं की फोटोतल्या सगळ्या रंगांची सरासरी करड्याच्या जवळ यावी. मंच किरमिजी, धूर किरमिजी, अर्धी मुलगी किरमिजी, म्हणून तो सगळीकडे हिरवा ओततो. डावा गाल जरा सुधारतो आणि चांगला असलेला उजवा गाल आजारी हिरवट होतो. एकाच चेहऱ्यावर दोन प्रकारचा प्रकाश असेल, तर संपूर्ण फोटोला लागू होणारा कुठलाही एक आकडा दोघांना न्याय देऊ शकत नाही. म्हणून पूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स उजव्या गालासाठी ठरवून तिथेच सोडायचा आणि डाव्या बाजूसाठी वेगळा मास्क करायचा, म्हणजे दुरुस्ती फक्त रंगवलेल्या भागालाच लागू होते.

मास्क करण्याआधी मात्र एक तपासणी हवी. डाव्या गालाच्या हाडावर, जिथे प्रकाश सगळ्यात तीव्र आहे, तिथे निळा 255 दाखवतोय. एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणलं, म्हणजे प्रकाश निम्मा केला, की हा आकडा 188 किंवा त्याच्या थोडा वर उतरतो. आता त्या भागावरून कर्सर हळूहळू फिरवायचा. आकडे 188, 195, 203 असे बदलत असतील, तर माहिती शाबूत आहे, फक्त पडद्यावरच्या रंगांच्या मर्यादेत ती मावत नव्हती. सगळीकडे तोच आकडा येत असेल, तर सेन्सरचा तो चॅनेल भरून वाहिलाय आणि तिथली निळ्यातली घडण कायमची गेली. जेपीईजी फाइलमध्ये हा फरक करायची सोय उरत नाही. तिथे 255 म्हणजे 255. आपल्या फोटोत आकडे बदलतायत, तेव्हा पुढे जाता येईल.

मास्क गाल, कपाळाची डावी बाजू, मान आणि डावा हात यांवर ब्रशने रंगवायचा, आणि नाकाच्या कण्यावर, जिथे दोन प्रकाश मिसळतात, तिथे कडा मऊ ठेवायची. मग टिंट, म्हणजे हिरवा-किरमिजी स्लायडर, हिरव्याकडे आणि टेम्परेचर पिवळ्याकडे. यातला टिंट महत्त्वाचा. टेम्परेचरचा स्लायडर तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाच्या निळ्या-पिवळ्या वाटेनेच सरकतो, आणि किरमिजी एलईडी त्या वाटेच्या आसपासही नसतो. टिंट बराच ओढूनही जांभळेपणा उरला, तर त्याच मास्कमध्ये सॅच्युरेशन थोडं उतरवायचं, आणि लागलंच तर एक्स्पोजर किंचित खाली.

मी थांबलो ते लाल 190, हिरवा 124, निळा 128 या आकड्यांवर. 92 वरून 124 हा बदल किरकोळ वाटतो, पण पडद्यावरचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. प्रत्यक्ष प्रकाशाच्या हिशेबात हिरवा जवळपास दुप्पट झाला, निळा निम्म्याहून थोडा खाली आला आणि लाल सुमारे तीन-चतुर्थांश राहिला. हिरवा दुप्पट केला म्हणजे त्याच्यातले दाणेही दुप्पट झाले. फोटो आयएसओ 1600 या संवेदनशीलतेवर काढला असेल, तर त्या गालाचा हिरवा चॅनेल 3200 वर काढल्यासारखा वागतो. चौपट करावा लागला असता, तर 6400 सारखा. अशा वेळी गालावर हिरवे-जांभळे ठिपके उमटतात, आणि ते दिसू लागले की एक पाऊल मागे यायचं. रंगाचे दाणे घालवणारा स्लायडर थोडी मदत करतो, पण फार ओढला तर ओठांचा रंग गालात पाझरतो.

निळा अजून हिरव्यापेक्षा चारने वरच आहे, ते मुद्दाम. मुलीच्या मागचा पडदा किरमिजी आहे, ओढणीची डावी कड किरमिजी आहे, पायाखालचा मंचही. त्यांच्यामध्ये एकटाच गाल दिवसाच्या उजेडातला दिसला, तर चेहरा दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवल्यासारखा वाटतो. प्रकाशाचा रंग दिव्याच्या दिशेने थोडा राहायला हवा, माणूस ओळखीचा वाटला की पुरे. पडताळा म्हणून डाव्या डोळ्याचा पांढरा भाग बघावा. तो हलका गुलाबी असला तर चालतो. तो हिरवट झाला असेल, तर हात जरा जास्तच पडलाय.

काही जण सोपा मार्ग घेतात. उजव्या गालाचा रंग उचलायचा आणि नव्या थरावर, फक्त रंग बदलणाऱ्या पद्धतीने, डाव्या गालावर फासायचा. मला हे फारसं पटत नाही. खऱ्या त्वचेत नाकाचा शेंडा, कान, गाल आणि हनुवटी यांचा लालसरपणा वेगवेगळा असतो, आणि एकच रंग फासला की चेहऱ्याचा मुखवटा होतो. वर सांगितलेली दुरुस्ती संपल्यावर असा थर 20-30 टक्के अपारदर्शकतेने टाकला तर उरलेले डाग झाकले जातात, तेवढाच त्याचा उपयोग.

हे सगळं जमलं, कारण समोरच्या पांढऱ्या दिव्याचा थोडा प्रकाश डाव्या गालापर्यंत पोचत होता. तो 92 चा हिरवा बराचसा तिथूनच आलेला. समोरचा दिवा बंद करून फक्त निळे एलईडी लावले असते, तर गोष्ट वेगळी. त्या प्रकाशात लाल नाहीच, त्यामुळे गालाचा लालसरपणा किती हे विचारायलाच वाव नाही. लाल लिपस्टिक काळी दिसते आणि त्वचेवरचे बारीक डाग उठून येतात, कारण मेलॅनिन आणि हिमोग्लोबिन दोन्ही निळा प्रकाश भरपूर शोषतात. लाल रंगाला आंधळ्या असलेल्या जुन्या फिल्मवर नटांचे ओठ आणि गाल काळपट यायचे, तेही असंच. उलट, नुसत्या लाल प्रकाशात ओठ आणि गाल जवळजवळ सारखेच उजळतात आणि चेहरा मेणाचा होतो.

अशा एकरंगी फोटोत त्वचेचा रंग परत आणायच्या नादी लागू नये. एक तर तो निळाच ठेवावा, नाही तर कृष्णधवल करावा. कृष्णधवल करताना एक खुबी उपयोगी पडते. सेन्सरच्या हिरव्या गाळणीतून थोडा निळा प्रकाशही झिरपतो. म्हणून निळा चॅनेल भरून वाहिला असला, तरी हिरव्या चॅनेलमध्ये त्याच चेहऱ्याची मंद पण शाबूत प्रत असते. कृष्णधवल मिश्रणात निळ्याचा वाटा शून्याकडे नेऊन हिरवा वाढवला, की गालाची गोलाई परत दिसू लागते.

निळा एवढ्या सहज का भरून वाहतो, याचं उत्तर कॅमेऱ्याच्या उजेड मोजण्यात आहे. उजळपणाच्या प्रचलित सूत्रात हिरव्याला सुमारे 72 टक्के वजन आहे, लालला 21 आणि निळ्याला जेमतेम 7. फोटोत अंधारे-उजळ ठिपके किती हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा साध्या हिस्टोग्रॅमचा आलेख सहसा अशाच सूत्रावर चालतो. निळ्यात न्हालेला चेहरा त्याला अंधारा वाटतो, आलेख डावीकडे रेंगाळतो, आणि आपण एक्स्पोजर वाढवतो. मागे निळा चॅनेल केव्हाच काठोकाठ भरलेला असतो. म्हणून कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्रॅम दाखवायची सोय असेल तर ती चालू करावी, रॉ फाइल घ्यावी आणि रंगीत दिवे लागले की एक स्टॉप कमी ठेवावं. व्हाइट बॅलन्स एका ठरावीक केल्व्हिनवर बांधून ठेवला की आकड्यांची तुलना फोटोगणिक करता येते. ऑटोवर तो दर फोटोला हलतो.

एका फोटोची दुरुस्ती पुढच्या पन्नासांवर एकदम चिकटवायचा मोह होतो. दिवा किरमिजी आहे तोवर पूर्ण फोटोचे आकडे चिकटवता येतात, मास्क मात्र प्रत्येक फोटोत नव्याने बसवावा लागतो, कारण मुलीने गिरकी घेतली की किरमिजी दिवा तिच्या उजव्या गालावर गेलेला असतो.