मिश्रण पद्धतीची उदाहरणे (उष्णतामिती)

गरम व थंड पाणी एकत्र केल्यावर येणारे अंतिम तापमान काढण्याची उदाहरणे गरम पदार्थाने गमावलेली उष्णता ही थंड पदार्थाने मिळवलेल्या उष्णतेइतकी असते, या तत्त्वावर सोडवली जातात.

या पद्धतीचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. एकाच द्रवाच्या मिश्रणाचे तापमान वस्तुमानाच्या प्रमाणात काढण्याचा नियम सेंट पीटर्सबर्ग येथील गेऑर्ग रिखमान यांनी सुमारे 1750 मध्ये मांडला. त्यात विशिष्ट उष्म्याची कल्पना नव्हती, कारण एकच द्रव असल्याने तिची गरजच पडत नाही. पाणी व पारा यांच्या मिश्रणावरील फॅरनहाइट यांच्या प्रयोगांचा अर्थ लावताना जोसेफ ब्लॅक यांनी ती कल्पना साधारणपणे 1760 च्या सुमारास ग्लासगो येथे स्पष्ट केली असावी. मात्र त्यांची व्याख्याने मृत्यूनंतर, 1803 मध्ये छापली गेल्यामुळे नेमके वर्ष ठरवणे अवघड जाते. स्वीडनचे योहान विल्के यांनी 1781 मध्ये स्वतंत्रपणे असेच विवेचन प्रसिद्ध केले. तरीही नियम रिखमान यांचा आणि संकल्पना ब्लॅक यांची, ही वाटणी अधिक सयुक्तिक दिसते.

80 °से तापमानाचे 200 ग्रॅम पाणी 25 °से तापमानाच्या 300 ग्रॅम पाण्यात मिसळले, तर उष्णताऱ्हास नाही असे गृहीत धरून 200 × (80 − T) = 300 × (T − 25), म्हणजे T = 47 °से येते. येथे पाण्याचा विशिष्ट उष्मा दोन्ही बाजूंनी निघून जातो. म्हणून तो 1 कॅलरी/ग्रॅम °से घेतला काय किंवा 4186 जूल/किग्रॅ °से घेतला काय, एककांतील चूक उत्तरात उमटत नाही.

थंड पाणी 100 ग्रॅमच्या तांब्याच्या कॅलरीमापीत असेल, तर मात्र ती उमटते. तांब्याचा विशिष्ट उष्मा सुमारे 390 जूल/किग्रॅ °से असल्याने भांड्याची उष्माधारकता 39 जूल/°से, म्हणजेच सुमारे 9.3 कॅलरी/°से होते. थंड बाजूला 300 ऐवजी 309.3 घेतल्यावर T = 46.6 °से मिळते. पाण्यासाठी कॅलरी ठेवून भांड्यासाठी 39 हा आकडा तसाच मिळवला, तर 45.4 °से येते. हे उत्तर फसवे आहे, कारण तापमापीवर 46.6 पेक्षा थोडे कमीच वाचन येत असल्यामुळे ही चूक उष्णताऱ्हासाच्या नावावर सहज खपून जाते.

म्हणूनच गृहीतक नेमके लिहावे लागते. ‘परिसराला उष्णता जात नाही’ असे म्हटल्याने भांडे वगळले जात नाही. ते वगळायचे असेल तर त्याची उष्माधारकता नगण्य मानल्याचे वेगळे नमूद करावे. प्रत्यक्ष प्रयोगात थंड पाणी खोलीच्या तापमानापेक्षा आधीच काहीसे थंड घेतात, म्हणजे सुरुवातीला आत आलेली उष्णता नंतरच्या ऱ्हासाची अंशतः भरपाई करते.